तिऱ्हाईत, त्रयस्थ की पंच? बांधाच्या वादात बसणाऱ्यांना काय म्हणायचं

माणदेशी शेखर

आमच्या गावात दोन घरांत बांधावरून तीन वर्षं धुसफूस होती. शेवटी दोन्हीकडच्यांनी गावातल्या तिघा जाणत्यांना बोलावलं, ते दोन दिवस बांधावर बसले आणि प्रकरण मिटलं. कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण अक्षर बरं. पहिल्याच ओळीला अडलो. मी लिहिलं, "खालील तिघांनी तिऱ्हाईत म्हणून वाद पाहिला." वाचून दाखवल्यावर तिघांतले थोरले आजोबा उखडले. "मी तिऱ्हाईत? तुझ्या बापाच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी!"

मला म्हणायचं होतं की ते कुणाच्या बाजूचे नव्हते. त्यांना ऐकू आलं की ते कुणाचेच नव्हते. मग योग्य शब्द कोणता?

शब्दवेल्हाळ

आजोबांचं ऐका, त्यांचा कान बरोबर आहे. तिऱ्हाईत आणि त्रयस्थ दोन्ही शब्दांत 'तीन' आहे, पण बोलण्यात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. "तिऱ्हाइतासारखा दारात काय उभा?" ही तक्रार आहे. "त्रयस्थ नजरेनं पाहा" हा सल्ला आहे. तिऱ्हाइताला आपल्याशी नातं नसतं. त्रयस्थाला नातं असूही शकतं, फक्त या घटकेला तो ते बाजूला ठेवतो.

तटस्थ तर मुळीच लिहू नका. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला. तो पाण्यात उतरत नाही, आणि तुमची माणसं तर दोन दिवस गुडघाभर चिखलात होती.

मी 'पंच' लिहिलं असतं.

बारामतीकर

पंच लिहायचं तर पाच जण हवेत. तिघांच्या सह्या असलेल्या कागदावर 'पंच' लिहिलं तर तो कागदच बाद होतो. आणि अशा वादात तलाठ्याला बोलावून बांध मोजून घ्यायचा, म्हणजे शब्दाचा प्रश्नच येत नाही.

जुनी साखळी

मी मोजणी खात्यात तीस वर्षं काढली, म्हणून दोन्ही गोष्टी सांगतो. तलाठी बांध मोजत नाही. त्याच्याकडे सातबारा असतो. हद्द कायम करायची मोजणी भूमी अभिलेखचा भूकरमापक करतो. त्यासाठी अर्ज, फी, लगतच्या खातेदारांना नोटीस, आणि शेवटी मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते. तलाठ्यानं टेप धरून दाखवलेली जागा उद्या कुणी मान्य केली नाही तर तिला आधार नाही.

पंच पाचच हवेत हेही खरं नाही. पोलिसी पंचनाम्यावर दोघांच्या सह्या असतात, त्यांनाही पंचच म्हणतात. पण खरी गोम इथेच आहे. पंचनाम्यातला पंच काहीच ठरवत नाही. त्याच्या समक्ष जे दिसलं ते लिहिलं गेलं, एवढंच तो सहीनं सांगतो. बांधावर बसलेला पंच मात्र ठरवतो. एकच शब्द, एक साक्षीदार आणि दुसरा न्याय देणारा. तुमच्या कागदावर नुसतं "पंच" आणि खाली तीन सह्या असल्या, तर दहा वर्षांनी वाचणारा म्हणेल की हे तिघं फक्त बघायला होते.

शेखर, त्या तिघांनी नेमकं केलं काय ते सांगा. शब्द त्यावरून ठरेल.

माणदेशी शेखर

काका, सांगतो. पूर्वेकडच्या घराचं म्हणणं, पश्चिमेकडच्यांनी बांध कोरत कोरत सहा फूट आत घेतला. बांधाची लांबी 330 फूट. तरुण पोरांनी तिथंच मोबाइलवर हिशेब केला, सहा गुणिले 330 म्हणजे 1980 चौरस फूट, जवळजवळ दोन गुंठे गेले! त्यावर शिवीगाळ.

थोरल्या आजोबांनी आधी दोन्ही टोकांचे हद्दीचे दगड शोधायला लावले. दक्षिणेचा दगड जागेवर, निम्मा मातीत. उत्तरेचा दिसेना. तो तीनेक तासांनी सापडला, पश्चिमेच्या शेतात आडवा पडलेला. पण तो उपटला तिथली खोबण काटेरी झुडपाखाली अजून शाबूत होती. तिथं खुंटी ठोकून दक्षिणेच्या दगडापर्यंत सुतळी ताणली. तेव्हा दिसलं की बांध उत्तरेला सहा फूट पूर्वेकडे सरकलाय आणि दक्षिणेला अजिबात नाही. मधल्या दोन बाभळी, ज्या बांधाच्या मधोमध होत्या असं दोन्ही घरं म्हणतात, त्या आता पश्चिमेच्या उतारावर. म्हणजे पट्टा नव्हे, पाचर.

जुनी साखळी

शाबास! पाचरीचं क्षेत्रफळ पट्ट्याच्या निम्मं. 990 चौरस फूट. गुंठा 33 बाय 33 चा, म्हणजे 1089 चौरस फूट. एक गुंठाही भरत नाही. भांडण दोन गुंठ्यांचं आणि जमीन एका गुंठ्याच्या आत. असं फार पाहिलंय. बांध एका टोकालाच खाल्ला जातो, कारण ट्रॅक्टर तिथं वळतो. वळताना रोटर बांधाच्या पायाला लागतो, दर हंगामात दोन-चार बोटं जातात. नेहमी कुणी ठरवून करतं असं नाही. पण दगड उपटून आडवा पडला असेल, तर तो रोटरनं की हातानं, हे तुमच्या आजोबांनी विचारलं का?

माणदेशी शेखर

नाही विचारलं. दुसऱ्यानं विषय काढला तर म्हणाले, "दगड कुठं होता ते बघायला आलोय, कुणी काढला ते नाही."

शब्दवेल्हाळ

हे वाक्य कागदात घाला. त्रयस्थपणा यालाच म्हणायचा.

धुरकरी, अकोला

आमच्याकडं बांध नाही म्हणत, धुरा म्हणतात. धुऱ्याचं भांडण म्हटलं की झालं. अन् बसणाऱ्याला पंच-बिंच कोणी नाही म्हणत. "चार मानसं बसवली" म्हणतात. तीन असले तरी चारच. माझ्या काकाचं पण असंच आहे, पण वाद वाटेचा हाय. शेतात जायची वाट शेजाऱ्यानं नांगरली. चार मानसं बसवली, त्यानं नाही ऐकलं. मग काय करावं?

जुनी साखळी

वाट वेगळी आणि बांध वेगळा, भाऊ. अडवलेल्या वाटेसाठी तहसीलदाराकडे जाता येतं, मामलेदार कोर्टाचा 1906 चा कायदा त्याच कामाचा आहे. आधी तालुक्याला वकिलाला भेटा, कारण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

शब्दवेल्हाळ

धुरकरीभाऊंचं "चार माणसं" मात्र लाखमोलाचं. मराठीत नात्याबाहेरचा पण आपलाच जो समाज असतो, त्याला चारच आकडा आहे. चारचौघांत, चार लोक काय म्हणतील. 'पंच'मधले पाच कागदावर आणि चार तोंडावर.

गंमत म्हणजे पंचायतीचंच बोलीत 'पंचाईत' झालं आणि अर्थ झाला अडचण. "माझी पंचाईत झाली." शिवाय "नसत्या पंचायती" म्हणजे नको तिथं नाक खुपसणं. पंच बसवल्याचा अनुभव काही सगळ्यांना गोड नव्हता, हे भाषेनंच लिहून ठेवलंय.

गडग्याकडची

मी कोकणातली, आमच्याकडे भातशेतात मेर आणि वर गडगा. मला एक विचारायचंय. हे तिघं जाणते, पुरुषच ना? बांधाकडेची खुरपणी, गवत कापणं बायका करतात. बाभूळ मधोमध होती की नाही, हे चाळीस वर्षं त्या बाभळीखाली भाकरी खाल्लेल्या बाईला जास्त ठाऊक. तिला विचारलं का?

माणदेशी शेखर

ताई, खरं सांगतो, बैठकीत नाही विचारलं. पण पूर्वेकडच्या काकू पाणी घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "त्या झुडपात बघा, मी तिथंच विळा धार करायची." त्यामुळंच खोबण सापडली. कागदात त्यांचं नाव नाही.

गडग्याकडची

घाला मग.

जुनी साखळी

ताईंचा मुद्दा जुना आहे. मराठेशाहीत शिवेच्या वादात महाराची साक्ष मोठी मानत, कारण गावची शीव रोज पायाखाली घालणारा तोच. मान नव्हता, पण माहिती त्याच्याकडे होती. जाणता आणि मानाचा ही दोन माणसं असू शकतात.

त्या काळचा एक शब्दही सांगतो. निवाड्याला बसण्याआधी दोन्ही पक्ष लिहून द्यायचे की तुम्ही ठरवाल ते आम्ही मानू. त्या कागदाला म्हणत राजीनामा. राजी असल्याचा नामा. आणि निकाल झाल्यावर हरणारा यजितपत्र लिहून द्यायचा, म्हणजे हरलो हे कबूल. तुमच्या कागदात नेमका हा राजीनामा नाही.

बारामतीकर

राजीनामा तर नोकरी सोडताना देतात!

जुनी साखळी

आज देतात. शब्द सरकला, बांधासारखाच. आता तुम्ही कागदाला "राजीनामा" नाव दिलंत तर सगळं गाव हसेल, म्हणून "आम्ही उभयतांनी या तिघांचा निर्णय मान्य करण्याचे कबूल केले" असं वाक्य घाला. कबुली निर्णयाच्या आधीची हवी, तुमची तारीख काय?

माणदेशी शेखर

तोंडी कबुली आधीची. कागद आज.

जुनी साखळी

मग तसंच लिहा, "आधी तोंडी कबूल केले होते". मागची तारीख घालू नका.

वकिलीणबाई

इथे एक सांगते. 'लवाद' शब्द कुणी सुचवला नाही ते बरं झालं. 1996 च्या कायद्यात लवाद म्हणजे ज्याचा निवाडा पक्षांवर बंधनकारक असतो तो. 'मध्यस्थ' त्याहून हलका, तो दोघांना जवळ आणतो, ठरवत नाही. शिवाय जमिनीच्या भाषेत मध्यस्थ म्हणजे कमिशन घेणारा, हा अर्थ आता पक्का बसलाय. आजोबा तिऱ्हाईतावर उखडले, मध्यस्थावर तर काठीच उचलतील.

आणि कागदात "जमीन दिली" लिहू नका. "मूळ हद्द दाखवली, दोघांनी ती मान्य केली" असं लिहा. जुनी हद्द ओळखणं वेगळं आणि जमीन देणं वेगळं. खरोखरच एकाची जमीन दुसऱ्याला द्यायची असेल, तर नोंदणी केलेल्या दस्ताशिवाय भागत नाही. तिघांच्या सह्यांनी सातबारा हलत नाही.

शब्दवेल्हाळ

मग 'उभयमान्य' कसा वाटतो? "उभयमान्य तिघा वडीलधाऱ्यांनी." ते दोघांनाही मान्य होते, एवढीच त्यांची पात्रता होती. त्यांचं नातं पूर्वेशी किती आणि पश्चिमेशी किती, हा प्रश्नच पडत नाही. (थोरल्या आजोबांची सून पश्चिमेच्या घरची असेल असा माझा अंदाज आहे. खेड्यात असतंच.)

माणदेशी शेखर

सून नाही, मेव्हणी. पण अंदाज जवळ गेला.

'उभयमान्य' वाचून दाखवला. आजोबा म्हणाले, "हे सरकारी वाटतंय. लिही, दोन्ही घरांनी बोलावल्यावरून आम्ही गेलो." तसंच लिहिलं. काकूंचं नाव "खूण दाखवणार" म्हणून घातलंय, त्यांना ते आवडलं की नाही कळलं नाही, नुसत्या हसल्या. उत्तरेचा दगड खोबणीत उभा केला, पण पश्चिमेकडचा थोरला मुलगा त्या वेळी बांधावर आला नाही. सही त्याच्या वडिलांनी केली. मोजणीचा अर्ज तरीही टाकायचा का, यावर घरात अजून चर्चा चाललीय.

धुरकरी, अकोला

टाका. चार मानसं उद्या नसतील.

बारामतीकर

माझं मत अजूनही तेच, पाच हवे होते.