पाटणचे रुग्ण कमी झाले की अहवालच आले नाहीत?

कोरेगावकर: साताऱ्याच्या साप्ताहिक अतिसार तक्त्यात सोमवारी रिफ्रेश झालं की पाटण हिरवं दिसतं आणि गुरुवारी लाल होतं. तालुक्यापुढे अपेक्षित अहवालांपैकी किती टक्के आले हा रकाना टाकावा का? साहेब म्हणतात, उगाच गर्दी होईल.

माणदेशी: टाकाच, आणि नुसता टक्का नको, "४० पैकी १६" असं लिहा. समजा सोमवारी पाटणचे ४० पैकी १६ अहवाल आले, रुग्ण २४. कराडचे ५० पैकी ४८ आले, रुग्ण ६०. तक्त्यात पाटण ठणठणीत दिसेल, पण आलेल्या दर अहवालामागे पाटणचे दीड रुग्ण आहेत आणि कराडचे सव्वा! ८० टक्क्यांखालच्या तालुक्याला रंगच देऊ नका, राखाडी ठेवा.

फलटणचा गणिती: मग सरळ २४ ला ४०/१६ ने गुणा. ६० रुग्ण. रकान्याची गरजच नाही.

माणदेशी: गुणाकारात न आलेली केंद्रं आलेल्यांसारखीच आहेत असं गृहीत धरलंय. पावसाळ्यात मागे राहतात ती डोंगरातली, रेंज नसलेली उपकेंद्रं, आणि त्यांचं पाणीही वेगळं. अंदाज हवा तर वेगळ्या रकान्यात दाखवा, मूळ आकड्यावर लिहू नका.

मिरजकर: आमच्याकडे दूध संकलनाच्या तक्त्यात हेच केलं. बंद पडलेली २ केंद्रं यादीतून काढलीच नाहीत, त्यामुळे २५ पैकी कायम २३, म्हणजे ९२ टक्के. महिन्याभरात कुणी त्या रकान्याकडे बघेना.

माणदेशी: खरंय, छेद सांभाळावा लागतो. केंद्र बंद झालं की बंद झाल्याची तारीख घाला, नुसतं नाव पुसू नका, नाहीतर मागच्या आठवड्यांचे टक्केही बदलतील. आणि मोजणी अपेक्षित केंद्रांच्या यादीपासून `LEFT JOIN` ने करा. अहवालांच्या टेबलापासून सुरू केलीत तर एकही अहवाल न आलेला तालुका ० टक्के न दिसता गायबच होतो.

जावळीची ताई: माझा विरोध आहे. टक्का लावला की वरून फोन सुरू होतात आणि खालून रिकामे अहवाल येतात. डीएचआयएस२ या आरोग्य माहिती प्रणालीत टक्का "पूर्ण" बटण दाबलेल्या अहवालांचा असतो, आत काही भरलंय का हे तो बघत नाही. शिवाय शून्य साठवण्याची सेटिंग चालू नसेल तर भरलेलं शून्य आणि रिकामी चौकट सारखीच. मग १०० टक्के आणि रुग्ण शून्य, तेव्हा काय समजायचं?

माणदेशी: रुग्णसंख्येच्या चौकटीसाठी शून्य साठवणं चालू करा, आणि टक्का बटणावरून नको, चौकट भरलेल्या केंद्रांवरून काढा. फोनचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

कोरेगावकर: गेल्या सोमवारच्या आकड्याशी तुलना चालेल?

जावळीची ताई: दोन्ही आठवड्यांत सोमवारपर्यंत ज्यांचे अहवाल आले तेवढीच केंद्रं घेतली तर चालेल. आणि ८० ची रेघ मला पटत नाही. जावळीत ९० टक्के आले आणि राहिलेल्यातच साथ असली तर?