मदत हवी आहे : नकारार्थी वाक्यात ‘स्टिल’ची जागा

नमस्कार. मी दाभोळला नववीच्या मुलांना प्रेझेंट परफेक्ट शिकवते. ‘द फेरी हॅज जस्ट लेफ्ट’ किंवा ‘हॅज ऑलरेडी लेफ्ट’ यांत क्रियाविशेषण दोन क्रियापदांच्या मध्ये बसते आणि ‘द फेरी हॅजन्ट कम यट’ मध्ये यट शेवटी जाते, इथवर मुलांना अडचण येत नाही. घोटाळा होतो तो स्टिलपाशी. धोपाव्याची फेरीबोट रखडल्याची नाराजी दाखवणारे ‘द फेरी स्टिल हॅजन्ट कम’ हे वाक्य बरोबर आणि ‘हॅजन्ट स्टिल कम’ चूक. पण नॉट सुटे लिहिले, की ‘हॅज स्टिल नॉट कम’ही चालते. तेव्हा ‘स्टिल नकाराच्या आधी’ एवढाच नियम सांगणे पुरेसे आहे का, की तो मोडणारे एखादे वाक्य आपल्याला ठाऊक आहे? जाणकारांनी कृपया उदाहरणासह सांगावे.