मदत हवी आहे: Wait निवडलं तरी शत्रू मध्येच का मारतो?

फोंड्याची_सई
ड्रॅगन क्वेस्ट ५ संपवून सुपर निंटेंडोवरचा फायनल फँटसी ६ सुरू केलाय. माउंट कोल्ट्सवर व्हार्गस आणि त्याची दोन अस्वलं भेटतात, तिथे अडकलेय. Bat.Mode मध्ये Wait आहे, तरी टेराची पट्टी भरल्यावर काय करू याचा विचार करेपर्यंत अस्वलं मारून मोकळी होतात. पावसामुळे लाईट गेली की सेव्ह पॉइंटपासून पुन्हा चढायचं. ड्रॅगन क्वेस्टमध्ये असं कधी झालं नव्हतं.

पेडणेकर७
Bat.Speed 6 वर ठेव, सगळंच हळू होईल.

म्हापशेकर
सगळं नाही, फक्त शत्रू. आपल्या पट्ट्यांचा वेग तोच राहतो. पण फायदा होतोच, तेव्हा 6 कराच.

सईताई, Wait मध्ये घड्याळ थांबतं ते जादूची किंवा वस्तूंची यादी उघडल्यावर. हल्ला, जादू, वस्तू असा पहिला मेनू समोर असताना वेळ चालूच असते. म्हणून टेराची पाळी आली की आधी जादूची यादी उघडा आणि विचार तिथे करा.

ड्रॅगन क्वेस्ट ५ मध्ये सगळ्यांचे हुकूम आधी देऊन ठेवायचे, मग फेरी चालते. चपळाईवर फक्त कोण आधी मारणार ते ठरतं, आपल्या प्रत्येकाला फेरीत पाळी एकच. इथे फेरीच नाही. दर टिकला पट्टीत 6 × (स्पीड + 20) एवढी भर पडते, 65536 झाले की पाळी. एडगरचा स्पीड 30, म्हणजे 300ची भर. लॉकचा 40, म्हणजे 360ची. एडगरच्या पाच पाळ्या होतात तेवढ्यात लॉकच्या सहा. पण भरलेली पट्टी पुढे साठत नाही. लॉकला मेनूवर ताटकळत ठेवलंत, तर ती सहावी पाळी गेलीच.

साखळीचो_गेमर
माझ्याकडे फायनल फँटसी १० आहे. उजवीकडे पुढच्या पाळ्यांची रांग दिसते, पट्टी कुठेच नाही. सेटिंगमध्ये कुठे चालू करायची?

म्हापशेकर
त्यात पट्टी नाहीच रे. 2001च्या त्या गेममध्ये आपल्या पाळीला वेळ थांबते, हवा तेवढा विचार कर. चपळ माणूस मात्र तिथेही रांगेत जास्त वेळा येतो. धागा ६बद्दल आहे.

फोंड्याची_सई
जादूची यादी उघडून विचार केला आणि दोन्ही अस्वलं पडली! एडगरच्या आधी लॉकला हुकूम देते आता. पुढे सेबिन एकटाच व्हार्गसशी लढतो. ब्लिट्झची बटणं दाबताना Wait मध्ये वेळ थांबते का?

पेडणेकर७
थांबत असावी.

म्हापशेकर
मी ते कधी तपासलेलं नाही. व्हार्गसची पट्टी दिसत नाही, त्यामुळे नुसतं बघून कळणारही नाही. कुणी घड्याळ लावून पाहिलं असेल तर इथे लिहा.