‘माझ्याद्वारे पुढे ढकलली गेली आहे’: हा निरोप मराठीत कसा लिहावा?

लेखनिका: गटाला हा निरोप पाठवायचा आहे. आधी इंग्रजीत लिहिला, मग मराठी केला. चूक दिसत नाही, पण वाचताना अडखळायला होतं.

‘उद्याची बैठक माझ्याद्वारे शुक्रवारपर्यंत पुढे ढकलली गेली आहे. कृपया खात्री करा की तुम्ही अहवालाची प्रत सोबत आणता. तुमच्या समजूतदारपणाची मी प्रशंसा करते.’

शुद्धमती: ‘द्वारे’ काढून ‘माझ्याकडून’ करा. आणि इंग्रजी शब्द टाळा, की झालं मराठी.

जुना मुद्रितशोधक: ‘द्वारे’ काढा, हे पटलं. पण ‘माझ्याकडून’ने अर्थच बदलेल. माझ्याकडून चूक झाली, माझ्याकडून कप फुटला, असं आपण म्हणतो. हातून नकळत घडलेल्या गोष्टीचा तो सूर आहे. बैठक तुम्ही ठरवून पुढे नेली आहे. आणि इंग्रजी शब्दाचं म्हणाल, तर या निरोपात तो एकही नाही, तरी इंग्रजी वाक्य जसंच्या तसं खाली दिसतं. उलट ‘मीटिंग शुक्रवारी ठेवली आहे’ हे अस्सल मराठी वाक्य आहे.

‘शुक्रवारपर्यंत’ही तपासा. त्यावरून शुक्रवारच्या आत कधीही बैठक होईल असं वाटू शकतं. नुसतं ‘शुक्रवारी’ पुरे.

‘खात्री करा की’साठी वेगळं वाक्य कशाला? ते काम मराठीत एक क्रियाविशेषण करतं: ‘प्रत आठवणीने आणा’. ‘आठवणीने’त आग्रह आहे आणि आपुलकीही.

नवखा: मला उलटी अडचण येते. मराठीत विचार करून इंग्रजी लिहितो, साहेब दुरुस्त करतात. त्यावर काही उपाय?

लेखनिका: तो धागा वेगळा काढा ना, मीही वाचेन. ‘प्रशंसा’चं काय करू?

जुना मुद्रितशोधक: प्रशंसा गाण्याची, धाडसाची करतात. इथे ऐन वेळी बदल तुम्ही केला, गैरसोय त्यांची झाली. अशा वेळी आपण समोरच्याची स्तुती करत नाही, दिलगिरी व्यक्त करतो.

शुद्धमती: ‘माझ्याकडून’चं पटलं. पण ‘कृपया’ राहू द्या, नाहीतर ‘आणा’ हा हुकूम वाटेल.

जुना मुद्रितशोधक: ‘आणा’मध्ये आदर आहेच. आणखी मऊ हवं तर ‘आणावी’ किंवा ‘आणाल का?’ करा. ओळखीच्या माणसांना ‘कृपया’ लिहिलं की मला सूचनाफलक आठवतो.

शुद्धमती: मला नाही तसं वाटत. वरिष्ठांना लिहिताना मी ‘कृपया’ लिहितेच.

लेखनिका: गटात दोन वरिष्ठ आहेत, म्हणून ‘आणावी’ घेतलं. आता असं झालं:

‘उद्याची मीटिंग शुक्रवारी ठेवली आहे, वेळ तीच. अहवालाची प्रत आठवणीने आणावी. ऐन वेळी बदल करावा लागला, त्याबद्दल दिलगीर आहे.’

जुना मुद्रितशोधक: छान. फक्त ‘उद्याची मीटिंग उद्या नाही, शुक्रवारी’ असं लिहा. घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पहिलं ‘उद्या’च राहतं.