मदत हवी आहे: ट्रसचं गणित शेवटच्या जॉइंटला जुळत नाही, ९६ उरतात

उद्याचं_उद्या

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. उद्या अकरा वाजता सबमिशन आहे आणि एका ट्रसवर दोन तास अडकलोय. खोडून खोडून कागदाला भोक पडायची वेळ आली.

आकृती शब्दांत सांगतो. खालच्या ओळीत A, B, C, D, एकमेकांपासून ४ मीटरवर. वर E आणि F, E हा B च्या बरोबर डोक्यावर, F हा C च्या. उंची ३ मीटर. A ला हिंज, D ला रोलर. मेंबर नऊ: AB, BC, CD, AE, EF, FD, उभे BE आणि CF, आणि मधल्या चौकटीत तिरपा EC. लोड एकच, B ला खाली ३६ किलोन्यूटन.

रिअ‍ॅक्शन A ला २४ वर, D ला १२ वर. जॉइंट A वरून AE = -४० आणि AB = ३२. B वरून BE = ३६, BC = ३२. इथपर्यंत मित्राचं आणि माझं सारखं आहे. पुढे E ला EC = -१००, EF = +११२. मग F वरून FD = १४०, CF = -८४. आणि D ला उभी बेरीज केली तर १२ + ८४ = ९६. शून्य यायला हवं ना? कॅल्सी तीनदा मारून बघितला.

खटपट्या

ऋण उत्तर आलं की मेंबर दाबात, आणि पुढच्या जॉइंटला बाण उलटा करायचा, एवढं साधं आहे. AE दाबात आहे म्हणजे तो E ला ढकलतो. बाण E च्या दिशेने काढलायस का ते बघ, नव्वद टक्के लोक तिथेच चुकतात.

दुसरं म्हणजे तुझा EC दाबात येतोय तेच चूक आहे. हा प्रॅट ट्रस आहे. प्रॅटमध्ये उभे दाबात आणि तिरपे ताणात. EC धनच यायला हवा. पहिल्यापासून कर.

उद्याचं_उद्या

बाण उलटाच केलाय, E च्या दिशेने. तरी हे उत्तर.

शेडवाला

बरं झालं विषय निघाला. आमच्या गोडाऊनच्या पत्र्याच्या शेडला सहा कैच्या आहेत. मधल्या कैचीचा एक उभा अँगल नवीन मशीनला आडवा येतो. फॅब्रिकेटर म्हणतो, हा नुसता नावाला आहे, याच्यात काही जोर येत नाही, कापून टाकू. तुमच्या पद्धतीने काढता येईल का की त्यात किती जोर येतो? स्पॅन साधारण ४० फूट आहे.

लोखंडी_चणे

@उद्याचं_उद्या, जॉइंट E चं उभं समीकरण वहीत जसं लिहिलंयस तसंच्या तसं इथे टाक. आकडे नीट करू नकोस.

उद्याचं_उद्या

```
ΣFy = 0
0.6*(-40) - 36 - 0.6*EC = 0
EC = -100
```

AE चा बाण E कडे म्हणजे वर जातो, म्हणून पुढे अधिक धरलं. BE खाली ओढतो, EC पण खाली. बरोबर ना दादा?

लोखंडी_चणे

दादा नाही, ताई. आणि चूक पहिल्याच पदात आहे.

A ला तू AE ताणात धरलास, उत्तर -४० आलं. त्या ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच की धरलेली दिशा उलटी होती. E ला येऊन तू बाण उलटा केलास. तिथे ते चिन्ह वापरून झालं, संपलं. पण बाण उलटा करूनही तू पुन्हा -४० च घातलेस. एकच दुरुस्ती दोनदा केली म्हणून AE पुन्हा ताणात गेला आणि E ला खाली ओढू लागला. खटपट्यांनी बाण उलटा करायला सांगितलं ते चूक नाही, फक्त बाण उलटा केला की आकडा नुसता ४० लिहायचा, हे सांगायचं राहिलं.

मी स्वतः बाण कधीच उलटा करत नाही. प्रत्येक जॉइंटला, प्रत्येक मेंबर, बाण जॉइंटपासून बाहेर. म्हणजे सगळे ताणात धरलेले. मग आधीचं उत्तर चिन्हासकट तसंच उचलून घालायचं:

```
-0.6*(-40) - 36 - 0.6*EC = 0
EC = -20

-0.8*(-40) + EF + 0.8*(-20) = 0
EF = -16
```

पुढचं F आणि D तू कर. पण एक सांगते, D पर्यंत जायची गरजच नव्हती. EF = +११२ आलं तिथेच पेन खाली ठेवायला हवं होतं. लोड खाली आहे, दोन्ही टोकं टेकलेली आहेत, ट्रस तुळईसारखा मधे खाली झुकणार. मग वरची ओळ आवळली जाणार, ताणली कशी जाईल? आणि ११२ हा आकडासुद्धा अशक्य आहे. हीच तुळई समज. सगळ्यात मोठा मोमेंट B खाली येतो, २४ गुणिले ४ म्हणजे ९६ किलोन्यूटन-मीटर. त्याला ३ मीटर उंचीने भाग, ३२. वरच्या किंवा खालच्या ओळीतल्या कुठल्याही आडव्या मेंबरमध्ये याहून जास्त बळ येऊच शकत नाही. (हे ९६ आणि तुझे उरलेले ९६ यांचा काही संबंध नाही, योगायोग आहे.)

खटपट्या

ताई, चिन्हाचं मान्य. पण EC तुमच्या उत्तरातही -२० आहे. प्रॅटचा तिरपा दाबात? आमच्या सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं.

लोखंडी_चणे

तो नियम टोकाकडून मध्याकडे उतरत येणाऱ्या तिरप्यांसाठी आहे, आणि तोही लोड सगळ्या स्पॅनवर पसरलेला असेल तेव्हा. थॉमस आणि कॅलेब प्रॅट या बापलेकांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलं ते याच कल्पनेवर: लांब तिरपे ताणात, आखूड उभे दाबात. पण इथे EC बरोबर मधल्या चौकटीत आहे. त्याला स्वतःची बाजू नाही.

करून बघा. EF, EC, BC कापले जातील असा उभा छेद मधल्या चौकटीतून घ्या आणि डावीकडचा तुकडा बघा. वर २४, खाली ३६, म्हणजे १२ किलोन्यूटन कमी पडतात. EF आणि BC आडवे, ते उभी मदत करू शकत नाहीत. ते १२ एकट्या EC ने द्यायचे, म्हणजे त्याने E ला वर ढकलायचं. १२ भागिले ०.६, २० दाब.

आता तेच ३६ B वरून उचलून C ला ठेवा. डावी रिअ‍ॅक्शन १२ होते, B ला काही नाही, आता १२ जास्त होतात आणि EC ला खाली ओढावं लागतं. २० ताण. म्हणजे गाडी B वरून C कडे गेली की तोच मेंबर दाबातून ताणात जातो. म्हणून जुन्या पुलांच्या मधल्या चौकटीत दोन तिरपे एकमेकांवर फुलीसारखे दिसतात. एक ढिला पडला की दुसरा काम करतो.

आणि B, C दोन्हीकडे ३६-३६ ठेवले तर EC मध्ये शून्य.

खटपट्या

मग शून्य येत असेल तेव्हा तो मेंबर काढून टाकला तर?

लोखंडी_चणे

मधे B-C-F-E असा नुसता आयत उरेल, आणि चार पिनांचा आयत हाताने ढकलला तरी तिरका होतो. जॉइंट सहा, म्हणून २ गुणिले ६ वजा ३, नऊ मेंबर लागतात. आठवर तो ट्रस राहत नाही.

@शेडवाला, हेच तुम्हालाही. तो अँगल कापू नका. फॅब्रिकेटर ज्याला "जोर येत नाही" म्हणतो ते फक्त पत्र्याच्या आणि कैचीच्या स्वतःच्या वजनाखाली खरं असेल. वाऱ्याने पत्रा वर उचलला की हिशोब उलटा होतो आणि खालचा टाय, जो एरवी ताणात असतो, तो दाबात जातो. दाबातला लांब अँगल बाजूला वाकून निकामी होतो, आणि तो उभा तुकडा त्याला मधे धरून ठेवायलाही असू शकतो. नुसत्या स्पॅनवरून मी काही सांगणार नाही. एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर नेऊन दाखवा.

शेडवाला

मशीन शनिवारी येतंय. नुसता वेल्ड करून बाजूला सरकवला तर चालेल का?

खटपट्या

काका, मशीन सरकवा.

उद्याचं_उद्या

ताई, झालं! F वरून FD = -२०, CF = १२. D ला १२ - १२ = ० आणि CD = १६. C ला पण तपासलं, उभे १२ आणि -१२, आडवे -३२ + १६ + १६. दोन्ही शून्य.

पण आता नवीन घोळ. असाइनमेंटच्या खाली तीनच उत्तरं छापली आहेत: AE ४० दाब, CD १६ ताण, आणि "तिरपा मेंबर २० ताण". पहिली दोन जुळतात. तिसऱ्यात आकडा बरोबर पण ताण लिहिलंय. माझी चूक की छपाईची?

लोखंडी_चणे

आकृतीत तिरपा नक्की E पासून C पर्यंतच आहे का? तो B पासून F पर्यंत असेल, म्हणजे उलट्या बाजूने कललेला, तर त्याच १२ साठी त्याला B ला वर ओढावं लागेल आणि उत्तर २० ताणच येईल.

गंमत म्हणजे AE आणि CD दोन्ही आकृत्यांत तेच राहतात, त्यामुळे छापलेल्या उत्तरांवरून निकाल लागत नाही. BE दिला असता तर कळलं असतं: EC असेल तर ३६, BF असेल तर २४.

उद्याचं_उद्या

झेरॉक्सची झेरॉक्स आहे ताई. मधली रेघ अर्धी उडालीय. मी वरचं टोक E ला धरलं, कारण तिथे ठिपका जरा जाड दिसतो. आता बघतोय तर F लाही तसाच जाड आहे.

लोखंडी_चणे

मित्राची प्रत बघ. त्याने B ला BC किती काढलाय ते विचार.

उद्याचं_उद्या

त्याचा पण ३२. पण त्याने आकृती माझ्यावरूनच उतरवलीय. वर्गाच्या ग्रुपवर विचारलंय, मूळ प्रत कुणाकडे आहे का म्हणून. अजून कुणी बोललं नाही.