उत्तर : उचलीची बाकी कशी उतरते

«गणपतीला रत्नागिरीतल्या कारखान्यातून 12,000 रुपये उचल घेतली, हप्ता 2,000, मार्चमध्येही कपात कशी?»

बिनव्याजी उचलीची बाकी ठरलेल्या हप्त्याने नव्हे, तर प्रत्यक्ष कापलेल्या रकमेनेच उतरते. सप्टेंबरअखेर 10,000 आणि ऑक्टोबरअखेर 8,000 उरले. नोव्हेंबरमध्ये बिनपगारी रजांमुळे पगार कमी बसून 1,200 रुपयेच कापले गेले असतील, तर बाकी 6,000 नव्हे, 6,800 राहते. पुढचे तीन पूर्ण हप्ते जाऊन फेब्रुवारीअखेर 800 उरतात, आणि तेवढेच मार्चमध्ये कापले जावेत. तिथे पुन्हा 2,000 दिसले, तर (सवयीने तसाच राहिलेला आकडा असावा) 1,200 परत मागावेत. स्लिपवर केवळ हप्ता छापलेला असेल, तर लेखा विभागाकडून उचलखात्याचा महिनावार उतारा घ्यावा.