मदत हवी आहे: शैक्षणिक आवडीचा परिच्छेद, पण विषयाचे पेपरच नाहीत

मांडवीकाठ
अर्जाची मुदत रविवारी रात्री संपते. बाकी सगळं तयार आहे, फक्त 'अ‍ॅकॅडमिक इंटरेस्ट्स'चा परिच्छेद अडलाय. ज्या विषयाला अर्ज करतेय त्यातला मी जेमतेम एकच पेपर घेतलाय. मग आवड आहे असं कशाच्या जोरावर लिहायचं? कुणाकडे नमुना असेल तर प्लीज टाका.

साखळीकर
विषय कुठला, पदवी कशात, देश कुठला, शब्दमर्यादा किती? सगळं आम्हीच देवाला कौल लावून ओळखायचं का?

मांडवीकाठ
भूजल. मास्टर्स, युरोपात. बीएस्सी रसायनशास्त्र. २५० शब्द. पेपर म्हणजे पर्यावरण रसायन, तोही ऐच्छिक. आता सांगा.

बार्देशी_बाब
युरोप म्हणजे पोर्तुगाल पण येतं ना त्यात? आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले असतील तर आधी जन्मनोंदीच्या मागे लागा. युरोपियन नागरिकाला बऱ्याच ठिकाणी फी कमी असते. माझ्या भाच्याने तेच केलं.

मांडवीकाठ
बाब, रविवारपर्यंत पासपोर्ट मिळणार आहे का? परिच्छेदाचं बोला.

हेमंत_फोंडा
सोपं आहे. स्वयम किंवा एनपीटीईएलवरचे पाच-सहा कोर्स आजच्या आज नोंदवून टाक आणि परिच्छेदात त्यांची नावं लिही. पेपर कमी दिसणार नाहीत. मी एमबीएला असंच केलं होतं, घेतलं मला.

तळपणकर
एमबीएचं सोडा. आमच्या विभागात अर्ज चाळायला मी बसतो, म्हणून सांगतो. मुदतीच्या आठवड्यात नोंदवलेले सहा कोर्स तारखेवरून लगेच कळतात. एखादा पूर्ण केलेला असेल तर जरूर लिहावा, पण एका ओळीत.

मांडवीकाठ, आतापर्यंत जे लिहिलंय ते टाक बघू. इंग्रजीतलं नको, मतलब मराठीत सांग.

मांडवीकाठ
"मला भूजल, हवामानबदल, जलव्यवस्थापन आणि किनारी परिसंस्था यांत अत्यंत रस आहे. आमच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत नसल्यामुळे मला या विषयांचा अभ्यास करता आला नाही, तरी मी मेहनती असून लवकर शिकेन." पुढे असंच.

तळपणकर
आवडी चार, पेपर एक. वाचणाऱ्याच्या हातात तुझी गुणपत्रिका असते, तो आपोआप ताळा मांडतो. दुसरं वाक्य तर पूर्ण 'नाही'वर खर्ची पडलंय, आणि ते 'नाही' गुणपत्रिकेत दिसतंच आहे. चार विषय काढ आणि एक प्रश्न ठेव. प्रश्न असा हवा की त्याचं एक टोक तू हाताळलंयस आणि दुसऱ्या टोकासाठी हा मास्टर्स लागतो. तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट होता का?

मांडवीकाठ
होता, पण तो रसायनशास्त्राचा. खाडीकाठच्या खाजन शेतातल्या पाण्यातलं क्लोराइड. मानशीच्या दारांच्या आत पोंयीत साठलेल्या पाण्याचे नमुने, बाहेर खाडीतले, आणि बांधाला लागून असलेल्या एका विहिरीचे. पावसाआधी आणि पावसात. भूजलाशी त्याचा काय संबंध?

साखळीकर
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलं बाई!!

हेमंत_फोंडा
मोर पद्धत वापरली असशील ना? सिल्व्हर नायट्रेट, क्रोमेट, विटकरी रंग आला की थांबा. ते लिहू नकोस, बीएस्सीचं प्रॅक्टिकल आहे ते. युरोपातले लोक हसतील.

तळपणकर
कुणी हसत नाही. विहिरीच्या पाण्यातलं क्लोराइड मोजायला ती पद्धत आजही चालते. नुसतं नाव घेण्यात दम नाही हे मात्र खरं. त्या पद्धतीने कुठे हात टेकले ते लिहिलं तर वजन येतं. पोंयीच्या नमुन्यांत काही त्रास झाला का?

मांडवीकाठ
हो ना. तळाशी काळा चिखल, कुजक्या अंड्यासारखा वास. सिल्व्हर नायट्रेट घातलं की पाणी काळपट व्हायचं, शेवटचा रंगच कळेना. सर म्हणाले सल्फाइड आहे. मग आधी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ते काढलं, त्यानंतर आकडे नीट आले. विहिरीच्या पाण्याला हा त्रास अजिबात नव्हता.

तळपणकर
हाच तुझा परिच्छेद. ज्याने खाजनाचं पाणी स्वतः बाटलीत भरलंय तोच हे लिहू शकतो. आणि विहिरीचं काय? खारी झाली होती?

मांडवीकाठ
मे महिन्यात बरीच, जुलैत उतरली. पोंयही तशीच. मी निष्कर्षात लिहिलंय की समुद्राचं पाणी भूजलात शिरतं.

तळपणकर
तिथे सांभाळ. तो खारेपणा मानशीच्या फळ्या गळून भरतीचं पाणी आत आल्याने पोंयीतून बांधाखालून झिरपत आला असेल, खालून खडकातून आला असेल, किंवा चिखलातलं जुनं मीठ असेल. नुसत्या क्लोराइडवरून हे तीन वेगळे काढता येत नाहीत. भूजलवाला परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवेल. पण ते वेगळं कसं काढायचं हे तुला शिकायचंय, म्हणजे अर्जाचं कारण तुझ्याकडे आयतंच आहे.

सुलभा_काकू
आमच्या लहानपणी मानस वाजली की भरती आली हे कळायचं. भरतीच्या रेट्याने दारं बंद, ओहोटीला आपोआप उघडी. आता फळ्या बदलायला माणूस मिळत नाही, नि मासे धरणारे मुद्दाम उघडी ठेवतात. शेतात कोरगुट भात कोण लावतो आता?

बार्देशी_बाब
काकू, मासेवाल्यांना दोष देऊ नका. शेतं आधी पडीक पडली.

मांडवीकाठ
काकू, बाब, वेगळा धागा काढा ना. हे बघा, नवीन:

"गोव्यातील खाजनांत बांध आणि मानस यांनी खाडीचं खारं पाणी शेताबाहेर ठेवलं जातं. पदवीच्या प्रोजेक्टमध्ये मी मानशीच्या आतलं, बाहेरचं आणि बांधालगतच्या विहिरीचं क्लोराइड पावसाआधी व पावसात मोजलं. चिखलातल्या सल्फाइडमुळे पोंयीच्या नमुन्यांत मोर पद्धत चालेना, ते आधी काढावं लागलं. विहीर उन्हाळ्यात खारी होते आणि पावसात उतरते, पण हा खारेपणा पोंयीतून झिरपतो की खालून येतो हे माझ्या मोजमापांवरून ठरत नाही. ते ठरवायला पाण्याची दिशा आणि पातळी अभ्यासावी लागेल. तेच शिकण्यासाठी मी अर्ज करत आहे. विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातील ईडीटीए अनुमापन आणि फ्लेम फोटोमीटर यांचा तिथे उपयोग होईल."

तळपणकर
छान. शेवटचं वाक्य लोंबतंय. ईडीटीएने कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळतं, फोटोमीटरने सोडियम. 'यांवरून विहिरीच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचं प्रमाण काढता येईल' असं कामाचं लिही, नाहीतर उपकरणांची यादी वाटते. आणि खाजन, मानस, पोंय हे शब्द तसेच ठेव, पण पहिल्याच वाक्यात इंग्रजीत समजावून दे.

एक मात्र लक्षात ठेव. प्रवेशाच्या अटींत गणिताचे किंवा भूगर्भशास्त्राचे ठराविक क्रेडिट मागितले असतील तर कितीही चांगला परिच्छेद ती उणीव भरून काढत नाही. अट नीट वाच आणि शंका असेल तर समन्वयकाला आजच ईमेल टाक.

हेमंत_फोंडा
तरी एक कोर्स जोडायला हरकत नाही. रिकामं दिसतं. आणि "ठरत नाही" असं स्वतःच्याच अर्जात कशाला? आत्मविश्वास दिसला पाहिजे.

तळपणकर
एमबीएला दाखवा.

साखळीकर
मला हेमंतचं अर्धं पटतं. एक "नाही" चालतो, पण "चालेना" आणि "ठरत नाही" लागोपाठ आलेत. एक बदल.

मांडवीकाठ
ईमेल टाकला. अटीत 'गणिताची पुरेशी पार्श्वभूमी' एवढंच आहे, पुरेशी म्हणजे किती कुणास ठाऊक. बीएस्सीला पहिल्या वर्षाला गणित होतं माझं. ते या परिच्छेदात घालू की गुणपत्रिकेवर सोडू?

सुलभा_काकू
घाल गो. आणि कोरगुटाचं बियाणं कुठे मिळतं ते माहीत असलं तर मला व्यनि कर.